केवायसीची सूचना एकाच फेरीत काम होईल अशी कशी लिहावी

बँकेत किंवा कर्ज देणाऱ्या वित्तीय कंपनीत नवीन लागलेल्या माणसाकडे एक काम हमखास येते. केवायसी अद्ययावत करण्याची जुनी सूचना समोर ठेवून वरिष्ठ सांगतात, "हे जरा सोपं करून दे." बहुतेक जण मग 'सादर करावेत'चे 'द्या' करतात, 'छायाचित्र'चे 'फोटो' करतात आणि कागद परत देतात. भाषा थोडी हलकी होते, पण ग्राहक चुकीची कागदपत्रे घेऊन येतच राहतात. अडचण फक्त जड शब्दांची नसते. सूचना लिहिताना काही गोष्टी ठरवलेल्याच नसतात आणि ते न ठरवलेपण शब्दांखाली झाकलेले असते.

हे काम आता कोणाच्या मर्जीवरही राहिलेले नाही. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये केवायसीच्या नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार केवायसीची मुदत येण्याआधी ग्राहकाला किमान तीन वेळा कळवायचे आणि त्यातली किमान एक सूचना पत्राने द्यायची. मुदत उलटली तर पुन्हा तीन स्मरणसूचना, त्यांतही एक पत्र. त्या पत्रात काय असावे तेही तिथे सांगितले आहे: केवायसी कशी करायची याच्या सहज समजणाऱ्या सूचना, अडचण आल्यास कोणाकडे जायचे ते, आणि वेळेत न केल्यास काय होईल ते. म्हणजे तुम्ही लिहिणार तो मजकूर याच तीन कसोट्यांवर तपासला जाणार.

खाली एका सूचनेवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत काम करून दाखवतो. सूचना मी बेतलेली आहे, पण अशा वळणाचा मजकूर तुम्ही कुठल्या ना कुठल्या शाखेच्या फलकावर वाचला असेल.

> सर्व खातेदारांस कळविण्यात येते की, केवायसी अद्ययावत करणेकामी वैध ओळख व पत्त्याचा पुरावा (आधार/पॅन/मतदार ओळखपत्र/पासपोर्ट/वाहन परवाना/लाईट बिल/भाडेकरार इ.) स्वसाक्षांकित प्रतीसह व अलीकडील छायाचित्रासह विहित नमुन्यातील अर्जासोबत मुदतीत सादर करावा. पत्त्यात बदल असल्यास योग्य तो पुरावा जोडणे अनिवार्य आहे. अन्यथा खाते गोठविण्यात येईल, याची नोंद घ्यावी.

आधी काउंटरवर बसा

लेखणी उचलण्याआधी एक-दोन दिवस केवायसीचे अर्ज घेणाऱ्या काउंटरवर बसा. माणूस परत गेला की का गेला ते त्याच्याच शब्दांत वहीत टिपा. 'अपूर्ण कागदपत्रे' असे लिहिलेत तर उपयोग नाही. 'फक्त पॅन आणले', 'आधारची मागची बाजू नाही', 'लाईट बिल घरमालकाच्या नावाचे', 'झेरॉक्स आणली, मूळ कार्ड घरी' असे लिहा. प्रत्येक परतीमागे सूचनेतला एक मोघम शब्द सापडतो.

वरच्या सूचनेत तो असा सापडतो. कंसातल्या आडव्या रेघांमुळे वाचणाऱ्याला यादीतले कोणतेही एक चालेल असे वाटते, म्हणून कोणी एकटे पॅन कार्ड घेऊन येतो. पॅन कार्डावर पत्ता नसतो. दुसरा फक्त लाईट बिल आणतो, त्यावर फोटो नसतो. 'स्वसाक्षांकित प्रतीसह' यातून मूळ कागद दाखवायचा आहे की नाही ते कळत नाही. 'अलीकडील' म्हणजे किती महिन्यांपूर्वीचा, 'मुदतीत' म्हणजे कोणत्या तारखेपर्यंत, हे कुठेच नाही. आणि 'इ.' हे अक्षर तर पूर्ण काढूनच टाकावे असे माझे ठाम मत आहे. यादीत नसलेला कागद चालेल अशी आशा ते लावते आणि ती आशा काउंटरवर मोडते.

मग नियम आणि सवय वेगळी करा

नव्या माणसाला हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, पण खरे काम इथेच होते. शाखेत मागितली जाणारी प्रत्येक गोष्ट नियमात असतेच असे नाही. काही बँकेच्या स्वतःच्या केवायसी धोरणात असतात, तर काही कोणीतरी कधीतरी सुरू केल्या म्हणून चालत आलेल्या असतात. सूचना लिहिणाऱ्याला हे तिन्ही थर वेगळे दिसले पाहिजेत.

रिझर्व्ह बँकेच्या नियमात 'अधिकृत वैध दस्तऐवज' सहाच आहेत: पासपोर्ट, वाहन चालवण्याचा परवाना, आधार क्रमांक असल्याचा पुरावा, मतदार ओळखपत्र, राज्य सरकारच्या अधिकाऱ्याच्या सहीचे रोजगार हमीचे जॉबकार्ड आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचे नाव-पत्ता असलेले पत्र. पॅन या यादीत नाही. ते वेगळे आणि यांच्या जोडीला द्यायचे असते. पॅन नसेल तर त्याऐवजी आयकर नियमांतला ठरलेला फॉर्म भरून द्यायचा, जो वर्षानुवर्षे फॉर्म ६० म्हणून ओळखला गेला.

या सहांपैकी दिलेल्या कागदावर सध्याचा पत्ता नसेल, तर फक्त पत्त्यापुरती आणखी एक यादी आहे. वीज, टेलिफोन, पोस्टपेड मोबाईल, पाइपचा गॅस किंवा पाणी यांचे दोन महिन्यांपेक्षा जुने नसलेले बिल. मालमत्ता कराची किंवा घरपट्टीची पावती. सरकारी खात्यातून वा सार्वजनिक उपक्रमातून निवृत्त झालेल्यांचा पत्ता असलेला पेन्शन आदेश. आणि सरकारी खाती, बँका, शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपन्या अशा ठरावीक मालकांनी नोकरदाराला दिलेल्या घराचे वाटपपत्र किंवा त्याचा करार. ही यादी तात्पुरती आहे. तिच्यातला कागद दिला की पुढच्या तीन महिन्यांत सध्याचा पत्ता असलेले वरच्या सहांपैकी एक कागदपत्र आणून द्यावे लागते. हा तीन महिन्यांचा भाग बहुतेक सूचनांत नसतोच. मग तीन महिन्यांनी बँकेचा फोन आला की ग्राहकाला वाटते, आपले काम तर तेव्हाच झाले होते.

आता जुन्या सूचनेतला 'भाडेकरार' पाहा. घरमालकाशी केलेला साधा खाजगी भाडेकरार या यादीत बसत नाही. म्हणजे सूचना जो कागद आणायला सांगते, तोच काउंटरवर नाकारला जाण्याची शक्यता आहे. भाड्याने राहणाऱ्या माणसाकडे पत्त्याचा तेवढा एकच कागद असतो, त्यामुळे ही चूक सर्वांत जास्त त्यालाच छळते. तुमच्या संस्थेचे धोरण याबाबत काय म्हणते हे केवायसी बघणाऱ्या अधिकाऱ्याला लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या.

प्रश्न विचारताना 'पत्त्याचा पुरावा कोणता?' असे विचारू नका, उत्तरात जुनीच यादी येईल. एक माणूस उभा करून विचारा: "खातेदार भाड्याने राहतो, आधारवर गावचा पत्ता आहे, लाईट बिल मालकाच्या नावाचे आहे. त्याने नेमके काय आणायचे?" अधिकाऱ्यालाही असे उत्तर देणे सोपे जाते, आणि उत्तर देता आले नाही तर सूचना कुठे अडणार ते तुम्हाला छापण्याआधी कळते.

यादी कागदांची नको, माणसांची हवी

जुनी सूचना सर्वांना एकच मजकूर देते. पण केवायसी नव्याने करायला सांगितलेल्या खातेदारांत तीन वेगळ्या परिस्थितीतली माणसे असतात आणि नियम प्रत्येकाला वेगळे काम सांगतो.

पहिला माणूस असा की ज्याचे काहीच बदललेले नाही. त्याला कोणताही कागद आणायची गरज नसते. 'माझ्या माहितीत बदल नाही' असे स्वयंघोषणापत्र पुरते आणि तेही नोंदवलेल्या मोबाईलवरून, ईमेलने, एटीएमवर, बँकेच्या ॲपवर किंवा पत्राने देता येते. असे खातेदार खूप असतात, आणि जुनी सूचना त्यांनाही झेरॉक्स काढून रांगेत उभे करते. इथे एक अपवाद मात्र स्पष्ट लिहावा लागतो. बँकेकडे असलेले कागदपत्र आजच्या नियमात बसत नसेल किंवा त्याची मुदत संपली असेल, उदाहरणार्थ खाते उघडताना दिलेला पासपोर्ट आता संपलेला असेल, तर घोषणा पुरत नाही, नवे कागदपत्र लागते. हे ग्राहकाला कळायचा मार्ग नाही, कारण दहा वर्षांपूर्वी काय दिले होते ते त्याच्या लक्षात नसते. बँकेकडे ती नोंद असते. म्हणून शक्य असेल तिथे अशा खातेदारांना वेगळे पत्र जावे, असा आग्रह धरा.

दुसरा, ज्याचा फक्त पत्ता बदलला. त्याच्याकडून नव्या पत्त्याची स्वयंघोषणा घेता येते. तो पत्ता खरा आहे का, याची खातरजमा बँकेने दोन महिन्यांत करायची असते, त्या पत्त्यावर पत्र पाठवून किंवा प्रत्यक्ष माणूस पाठवून. घोषणेसोबत पत्त्याचा कागद मागायचा की नाही हे बँकेच्या धोरणावर सोडलेले आहे. म्हणून 'योग्य तो पुरावा जोडणे अनिवार्य' हे वाक्य लिहिण्याआधी ते धोरण काय आहे ते विचारून घ्यायचे.

तिसरा, ज्याचे नाव बदलले. आपल्याकडे यात सर्वाधिक संख्या लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांची असते. नाव बदलण्याआधी काढलेला अधिकृत दस्तऐवजही चालतो, पण त्याला राज्य सरकारचा विवाह नोंदणी दाखला किंवा नावबदलाची राजपत्रातली नोंद जोडावी लागते. लग्नाची पत्रिका किंवा कार्यालयाची पावती चालत नाही, हे सूचनेत सरळ लिहिलेले बरे, कारण ती आणली जातेच.

या तीन परिस्थितींची चाचणी एका अवघड उदाहरणावर घ्या. समजा एका बाईंनी लग्नाआधी साताऱ्यात खाते उघडले होते. आता त्या पिंपरीत भाड्याने राहतात. आधारवर सासरचे आडनाव आले आहे, पण पत्ता साताऱ्याचाच आहे. पॅन माहेरच्या नावाचे आहे. लाईट बिल घरमालकाचे. जुनी सूचना वाचून त्या आधार, पॅन आणि भाडेकरार आणतील आणि बहुधा परत जातील.

नावापुरते त्यांचे काम आधार आणि विवाह नोंदणी दाखला यांवर होते. पॅनवरचे नाव वेगळे आहे, आणि पॅनचा तपशील बँक मूळ नोंदीशी ताडून पाहते, तेव्हा तिथे अडणार का, अडल्यास आधी पॅन दुरुस्त करून आणायचे का, हे अधिकाऱ्याला विचारायच्या प्रश्नांत जाते. पत्त्यासाठी दोन वाटा आहेत. ज्या शाखेत आधारची ई-केवायसी होते, तिथे आधारमधल्यापेक्षा वेगळा सध्याचा पत्ता स्वयंघोषणेने देता येतो. ती सोय नसेल तर आधी आधारमधला पत्ता बदलून घ्यायचा, आणि त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार उपयोगी पडतो. म्हणजे ज्या करारावर बँकेने त्यांना परत पाठवले असते, तोच करार आधार केंद्रावर कामाचा आहे. हे एक वाक्य सूचनेत असेल तर भाड्याने राहणाऱ्या कितीतरी माणसांना पुढची वाट दिसते.

प्रत्येक कागदाबद्दल काय सांगायचे

परिस्थितीनुसार भाग पडले की मग कागदाकडे वळा. कागदाचे नुसते नाव पुरत नाही. तो कोणाच्या नावाचा हवा, किती जुना चालेल, मूळ दाखवायचा की झेरॉक्स द्यायची, आणि कोणती बाजू लागेल, एवढे त्याच ठिकाणी सांगा. वेगळ्या तळटीपेत टाकलेत तर ते वाचले जात नाही.

बाजूचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण तुमच्या वहीत तो वारंवार येईल. आधार कार्डावर आणि मतदार ओळखपत्रावर पत्ता मागच्या बाजूला असतो, पासपोर्टवर शेवटच्या पानावर. लोक फोटो आणि नाव दिसते ती बाजू झेरॉक्स करतात, कारण ओळख म्हटली की ती बाजू डोळ्यांसमोर येते. म्हणून 'दोन्ही बाजूंची' हे शब्द कागदाच्या नावालाच चिकटवा.

'स्वसाक्षांकित' ऐवजी 'झेरॉक्सवर तुमची सही करा' लिहा. मूळ कागदाबद्दल 'मूळ कार्ड सोबत आणा, पाहून लगेच परत देऊ' असे लिहा. परत मिळण्याची खात्री दिली नाही तर वयस्कर माणसे मूळ कागद मुद्दाम घरी ठेवून येतात, आणि त्यांचे त्यात काही चुकत नाही.

आधारची प्रत देताना आधार क्रमांक झाकलेला असावा, असा नियम आहे. सरकारी अनुदान थेट खात्यात घेण्यासाठी आधार दिला असेल तर ती बाब वेगळी. नुसते 'मास्क्ड आधार द्यावे' असे लिहिले तर अनेकांना ते दुसरे एखादे कार्ड वाटते. त्यापेक्षा झेरॉक्सवर काय करायचे ते लिहा: कोणते अंक, कशाने झाकायचे.

आता नवी सूचना

वरची उत्तरे हातात आली की लिहिणे फारसे अवघड राहत नाही. बँकेने पत्ताबदलासाठी स्वयंघोषणा पुरेशी मानली आहे आणि शाखेत ई-केवायसीची सोय आहे, असे धरून मजकूर असा होईल:

> तुमच्या खात्याची केवायसी ३१ मार्चपर्यंत नव्याने करायची आहे. तुम्हाला लागू असलेला एकच भाग वाचा.
>
> १. नाव, पत्ता, मोबाईल काहीच बदललेले नाही. कोणताही कागद आणू नका. बँकेच्या ॲपमधून, एटीएमवर किंवा शाखेत फॉर्म भरून 'बदल नाही' असे कळवा. तुमचे जुने कागदपत्र मुदत संपल्यामुळे नव्याने लागणार असेल, तर आम्ही तसे वेगळ्या पत्राने कळवू.
>
> २. फक्त पत्ता बदलला आहे. शाखेत मिळणाऱ्या फॉर्मवर नवा पत्ता लिहून सही करा. पत्त्याचा पुरावा लागत नाही. दोन महिन्यांच्या आत आम्ही त्या पत्त्यावर पत्र पाठवू किंवा आमचा कर्मचारी येईल. त्याच्याकडे बँकेचे ओळखपत्र असेल.
>
> ३. नाव बदलले आहे. स्वतः शाखेत या. सोबत हे तिन्ही आणा:
> आधार कार्ड, मूळ आणि दोन्ही बाजूंची झेरॉक्स. झेरॉक्सवर आधार क्रमांकाचे पहिले आठ अंक काळ्या पेनाने झाका.
> पॅन कार्ड, मूळ आणि झेरॉक्स.
> विवाह नोंदणी दाखला किंवा नावबदलाचे राजपत्र, मूळ आणि झेरॉक्स. लग्नपत्रिका चालत नाही.
> प्रत्येक झेरॉक्सवर तुमची सही करा. मूळ कागद पाहून लगेच परत देऊ. आधारवरचा पत्ता जुना असेल तर काउंटरवर सांगा. आधारची पडताळणी करून नवा पत्ता तिथेच लिहून घेतला जाईल.
>
> कागद दिल्यावर तारीख असलेली पोच मागून घ्या. यांपैकी कोणत्याच भागात तुम्ही बसत नसाल किंवा शाखेत काम झाले नाही, तर शाखा व्यवस्थापकांना भेटा. तिथेही न झाल्यास मुख्य कार्यालयाचा तक्रार कक्ष: (फोन क्रमांक). केवायसीसाठी आम्ही फोनवर ओटीपी, पिन किंवा पासवर्ड कधीही विचारत नाही.

लांबी वाढली आहे आणि ती वाढू द्यावी. वाचणारा यातला एकच भाग वाचतो, त्यामुळे त्याच्या वाट्याला जुन्या सूचनेपेक्षा फार जास्त शब्द येत नाहीत. पोच देणे ही बँकेची जबाबदारीच आहे, पण ग्राहकाला ते माहीत असले की ती मिळते.

'खाते गोठविण्यात येईल' हे वाक्य मी मुद्दाम वगळले. जून २०२५ च्याच दुरुस्तीनुसार कमी जोखमीच्या वैयक्तिक ग्राहकांचे व्यवहार मुदत आली म्हणून लगेच थांबवायचे नाहीत. त्यांना मुदत आल्यापासून एक वर्ष किंवा ३० जून २०२६, यांतले जे नंतरचे असेल तोपर्यंत वेळ दिला गेला. त्यामुळे सरसकट धमकी खोटी ठरते, आणि तिने घाबरलेला माणूस 'केवायसी बंद झाली' असा मेसेज आला की त्यातल्या लिंकवर पटकन बोट ठेवतो. परिणाम पत्रात लिहायचाच आहे, पण कोणत्या खात्यांना, कोणत्या तारखेनंतर, नेमका कोणता व्यवहार थांबेल ते विचारून तेवढेच लिहा.

छापण्याआधी एक परीक्षा

मसुदा सहकाऱ्यांना वाचायला देऊन 'समजतंय का?' विचारू नका. त्यांना नियम आधीच माहीत असतात, ते हो म्हणतात. बँकेत काम न करणारे दोन-चार जण गाठा, त्यांत एखादी वयस्कर व्यक्ती असू द्या. त्यांच्यापुढे कागदांचा गठ्ठा ठेवा: आधारच्या एका बाजूची झेरॉक्स, दोन्ही बाजूंची झेरॉक्स, पॅन, चार महिन्यांपूर्वीचे लाईट बिल, भाडेकरार, विवाह दाखला, लग्नपत्रिका. मग सांगा, "तुम्ही लग्न करून पिंपरीला आलात, आडनाव बदललंय. बँकेत जाताना यातलं काय घेऊन निघाल?" आणि गप्प बसा. त्यांनी उचललेला प्रत्येक चुकीचा कागद म्हणजे तुमच्या मसुद्यातली एक ओळ आहे. ती शोधून बदला आणि पुढच्या माणसाला नवा मसुदा द्या.

ऑनलाइन फॉर्मसाठीही हीच परीक्षा फोनवर घ्या. तिथे 'अपलोड अयशस्वी' एवढाच संदेश येत असेल तर तोही तुमच्याच कामाचा भाग समजा आणि कारण लिहायला सांगा: फाइल मोठी आहे, चारही कोपरे दिसत नाहीत, किंवा मागची बाजू जोडलेली नाही.

शेवटी सूचनेच्या तळाशी ती केव्हा तपासली त्याचा महिना आणि वर्ष छापा, आणि अधिकाऱ्याच्या लेखी उत्तरांची प्रत त्याच फाइलमध्ये लावून ठेवा. नियम बदलला की कोणते वाक्य कोणत्या उत्तरावर उभे होते ते त्यातून लगेच सापडते आणि तेवढेच वाक्य बदलता येते. जुन्या फलकावरचा कागद मात्र त्याच दिवशी काढायला लावा, प्रत्येक शाखेतून.